इन्व्हेन्शन डिस्क्लोजर फॉर्म कसा भरायचा: कांद्याच्या चाळीतलं एक उदाहरण

पेटंटचा अर्ज पेटंट एजंट लिहितो, पण त्याला ज्यावरून तो लिहायचा तो कागद तुम्हालाच लिहून द्यावा लागतो. त्या कागदाला कॉलेजांत आणि कंपन्यांत इन्व्हेन्शन डिस्क्लोजर फॉर्म, थोडक्यात आयडीएफ म्हणतात. नमुने वेगवेगळे असले तरी चार रकाने सगळीकडे सापडतात: समस्या काय, सध्या त्यावर कोणते उपाय आहेत, तुमची नवी कल्पना कोणती आणि ती चालते कशी. इंजिनिअरिंगच्या मुलांचे असे फॉर्म तपासणं हे माझं रोजचं काम आहे. बहुतेक फॉर्म मी एकदा तरी परत पाठवतो, आणि कारण सहसा कल्पना वाईट असल्याचं नसतं.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. ते मी शिकवण्यासाठी बेतलंय, त्यातल्या चुका मात्र माझ्या टेबलावर नेहमी येणाऱ्या आहेत. दोन विद्यार्थी आहेत, त्यातल्या एकाच्या घरी पंचवीस टनांची कांदाचाळ आहे. एप्रिल-मेमध्ये चाळ भरली की दिवाळीच्या आधीपर्यंत भाव बघत थांबायचं. पावसाळ्यात ढिगात कुठेतरी एक कांदा सडतो, त्याचं पाणी खालच्यावर गळतं आणि वास बाहेर येईपर्यंत आजूबाजूचे कितीतरी कांदे गेलेले असतात. या मुलांनी सड आधी ओळखणारं यंत्र केलं आणि फॉर्म भरून आणला.

आधी थांबा, कुणाला दाखवलंय का?

फॉर्म उघडण्याआधी मी एवढंच विचारतो. प्रोजेक्ट प्रदर्शनात मांडलं, यूट्यूबवर टाकलं, परिषदेत पेपर वाचला, स्पर्धेचं पोस्टर लावलं, यातलं काहीही अर्ज दाखल होण्याआधी झालं असेल तर कल्पना 'नवी' राहिली नाही असं ठरू शकतं. भारतीय पेटंट कायदा, 1970 च्या कलम 31 मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्‌सभेपुढे वाचलेला पेपर अशा मोजक्या प्रसंगांपुरती. कॉलेजच्या टेक-फेस्टला ती आपोआप लागू होत नाही.

चाळीत घेतलेली चाचणी ही वेगळी गोष्ट. यंत्र तपासायला ते खऱ्या चाळीत लावावंच लागतं आणि वाजवी चाचणीसाठी कलम 32 मध्ये एका वर्षाची सोय आहे. म्हणून लपवू नका. कोणत्या तारखेला लावलं, बघायला कोण होतं, त्यांना गुपित ठेवायला सांगितलं होतं का, हे तीन ओळींत लिहा. पुढचं एजंट बघेल.

फॉर्म उलटा भरा

रकाने छापलेत त्या क्रमाने भरू नका. शेवटचा, म्हणजे 'चालतं कसं' हा रकाना आधी भरा. मग सध्याचे उपाय शोधा, मग नवी कल्पना लिहा आणि समस्या सगळ्यात शेवटी. सुरुवात समस्येपासून केली की निबंध होतो. आमच्या मुलांच्या पहिल्या फॉर्ममध्ये समस्येला दीड पान होतं: भारत कृषिप्रधान देश आहे, कांद्याचे भाव पडतात, शेतकरी हवालदिल होतो. 'चालतं कसं' या रकान्यात एवढंच होतं:

'चाळीत गॅस सेन्सर बसवून मायक्रोकंट्रोलरद्वारे शेतकऱ्याला एसएमएस पाठवला जातो.'

हे वाचून कुणाला काय बांधता येईल? सेन्सर किती, कुठे, किती वेळाने बघायचं, कशाला सड म्हणायचं, काहीच कळत नाही. वर हे वाक्य कायद्याच्या कलम 3(एफ) मध्ये अलगद जाऊन पडतं. आधीच माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक वस्तू आपलं नेहमीचं काम स्वतंत्रपणे करत राहिली, तर त्याला कायदा शोध मानत नाही. सेन्सर वास घेतो, कंट्रोलर आकडा वाचतो, मोबाइल संदेश देतो. तिघांनी मिळून नवं काय केलं?

चालतं कसं: मिस्त्रीला सांगावं तसं

मी मुलांना बसवलं आणि म्हटलं, तालुक्याच्या गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याला हे बांधायला सांगायचंय, तुम्ही फोनवर आहात, सांगा. तासाभराने जे बाहेर आलं ते पहिल्या फॉर्ममध्ये नव्हतंच.

ढिगात सेन्सर नव्हतेच मुळी. ढिगात आठ ठिकाणी आठ बारीक नळ्या सोडल्या होत्या, आतला व्यास 8 मिलिमीटर, सगळ्यात लांब नळी 12 मीटर. प्रत्येक नळीच्या आतल्या टोकाला जाळीदार वाटी, म्हणजे कांदा तोंडाशी बसून नळी बंद व्हायला नको. बाहेरची टोकं एका डब्यात येतात. डब्यात एक फिरती चकती आहे, चकतीला एकच भोक. चकती फिरली की एका वेळी एकाच नळीचं तोंड उघडतं, आणि मिनिटाला 2 लिटर हवा ओढणारा छोटा पंप त्या नळीतली हवा ओढून एका सेन्सरवर सोडतो. चकतीला नववी जागाही आहे, ती बाहेरच्या हवेची. प्रत्येक नळीनंतर चकती तिथे येते आणि सेन्सर धुऊन निघतो.

एका नळीला किती वेळ? इथे मुलं म्हणाली, 'सर, साधारण मिनिटभर, अंदाजाने ठेवलंय.' अंदाजामागे बहुतेक वेळा हिशेब दडलेला असतो आणि तो हिशेबच फॉर्ममध्ये हवा असतो. 8 मिलिमीटर व्यासाच्या 12 मीटर नळीत साधारण 0.6 लिटर हवा मावते. मिनिटाला 2 लिटरने ती रिकामी व्हायला 18 सेकंद लागतात. आधीच्या फेरीची शिळी हवा पूर्ण निघावी म्हणून तीनदा रिकामी केली तर 54 सेकंद. म्हणजे मिनिट बरोबर होतं. आता फॉर्ममध्ये 'एक मिनिट' असं लिहायचं नाही. 'नळीच्या आकारमानाच्या किमान तिप्पट हवा ओढून झाल्यावरच आकडा घ्यायचा' असं लिहायचं आणि एक मिनिट हे त्याचं उदाहरण म्हणून द्यायचं. उद्या कुणी 20 मीटरची नळी लावली तरी तुमचं वाक्य त्याला लागू पडेल.

आठ नळ्या आणि प्रत्येकीनंतर बाहेरची हवा, म्हणजे एक फेरी सोळा मिनिटांची. फेरी दर सहा तासांनी. आता सड ओळखायची कशी? प्रत्येक नळीचा आकडा उरलेल्या सात नळ्यांच्या मधल्या आकड्याशी ताडून बघतात. सातही आकडे चढत्या क्रमाने लावले की चौथा तो मधला. एखादी नळी लागोपाठ तीन फेऱ्यांत ठरलेल्या फरकाने वर राहिली तर त्या नळीच्या क्रमांकाचा संदेश जातो: 'पाच नंबरपाशी चाळ उघडून बघा.'

सरासरी का नाही, मधला आकडा का? दोन-तीन नळ्यांपाशी सड लागली असेल तर सरासरी वर ओढली जाते आणि सडलेली जागा वेगळी उठून दिसत नाही. मधला आकडा फारसा हलत नाही. मुलांनी आधी सरासरीच घेतली होती, ती फसली, मग हे केलं. मी म्हटलं, हेही लिहा. जे करून बघितलं आणि चाललं नाही, त्यावरून पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाला दिसतं की हा मार्ग सहज सुचण्यासारखा नव्हता.

चित्र हाताने काढलं तरी चालतं. चाळीचा आडवा छेद, डब्याचा आतला भाग आणि कामाचा क्रम दाखवणारा आराखडा, अशी तीन पुरतात. प्रत्येक भागाला क्रमांक द्या आणि मजकुरात तोच क्रमांक वापरा. एका पानावर 'चकती' आणि दुसऱ्यावर 'व्हॉल्व्ह' झालं की एजंटला त्या दोन वस्तू वाटतात.

सध्याचे उपाय: स्वतःच्या शोधाचे शत्रू शोधा

या रकान्यात 'असं उपकरण बाजारात उपलब्ध नाही' हे वाक्य मी लाल पेनाने खोडतो. बाजारात नसेल, पेटंटमध्ये असेल. जपानमध्ये बटाट्यासाठी असेल. शोध घेताना स्वतःच्या यंत्राच्या नावाने शोधू नका, ते जे काम करतं त्याच्या नावाने शोधा. Google Patents मध्ये असं काही टाकून सुरुवात करता येते:

```
(onion OR potato) storage "gas sensor" (sampling OR aspirating)
```

याशिवाय वर्गाने शोधा, म्हणजे पेटंटवर छापलेल्या विषयवार क्रमांकाने. शेतमालाच्या साठवणुकीचा वर्ग `A01F25`. एखादं जवळचं पेटंट सापडलं की त्यावर छापलेले बाकीचे वर्ग बघा आणि तिकडे जा. भारतातले अर्ज InPASS वर बघता येतात, युरोपचं Espacenet आहे. दोन संध्याकाळी द्या, दोन आठवडे नकोत. सविस्तर शोध एजंट घेतोच.

आमच्या मुलांना चार प्रकार सापडले. हाताने तपासणं: वास, चिलटं, गळणारं काळं पाणी. दुसरा, खालून आणि बाजूने हवा खेळणारी सुधारित चाळ. ती सड कमी करते, कुठे लागली ते सांगत नाही. तिसरा, ढिगात जागोजागी सेन्सर ठेवायचे. चौथा प्रकार शेतीत सापडलाच नाही, तो मी `G08B17` या वर्गात पाठवल्यावर मिळाला: आग भडकण्याआधी धूर ओळखणारी यंत्रणा. मोठ्या गोदामांत, सर्व्हरच्या खोल्यांत छतातून नळ्या फिरवून हवा ओढतात आणि मध्यवर्ती ठिकाणी धूर तपासतात.

मुलांचे चेहरे पडले. 'म्हणजे आपलं आधीच झालंय?' एकाने तर सुचवलं की हे फॉर्ममध्ये लिहायलाच नको. तसं कधी करू नका. परीक्षकाला ते दहा मिनिटांत सापडेल आणि तेव्हा उत्तर द्यायला तुमच्या अर्जात काहीच लिहिलेलं नसेल. आज सापडलं तर अजून लिहिता येतं. अर्ज दाखल झाल्यावर मूळ कागदात नसलेली नवी गोष्ट दुरुस्ती म्हणून घुसडता येत नाही, कलम 59 ते होऊ देत नाही.

प्रत्येक उपायापुढे दोन ओळी लिहा: तो काय करतो आणि नेमका कुठे कमी पडतो. कमी पडण्याचं कारण 'महाग आहे', 'जुनं आहे' असं नको, तांत्रिक हवं. आमची खरी गाठ तिसऱ्या उपायापाशी सुटली.

नवी कल्पना: एका वाक्यात बसेपर्यंत घासायची

मुलांनी फायदा लिहिला होता, 'आठऐवजी एकच सेन्सर, त्यामुळे खर्च कमी.' खरं आहे, पण खर्च कमी झाल्याने कुणी शोधक होत नाही. मी विचारलं, पैसे फुकट मिळाले तर आठ सेन्सर लावाल का?

जरा वेळ शांतता. मग ज्याच्या घरी चाळ होती तो म्हणाला, 'नाही सर. लावले होते आम्ही. पंधरा दिवसांत आठही वेगवेगळं बोलायला लागले.'

इथे शोध होता! स्वस्तातले मेटल ऑक्साइड गॅस सेन्सर दमट हवेला प्रतिसाद देतात आणि वापरात त्यांचा आकडा हळूहळू सरकतो. आठ सेन्सर आठ वेगानं सरकतात, त्यामुळे पाच नंबरचा आकडा वाढला तो सडीमुळे की सेन्सरच सरकल्यामुळे, हे सांगता येत नाही. आठही जागांची हवा एकाच सेन्सरवर आणली की सेन्सर सरकला तरी आठांसाठी सारखाच सरकतो. रात्री पाऊस पडून चाळभर दमटपणा वाढला तर आठही आकडे एकदम वर जातात आणि फरक जवळपास तेवढाच राहतो. सड मात्र एकाच नळीला वर ढकलते. म्हणजे एक सेन्सर, आळीपाळीने ओढलेली हवा आणि इतर नळ्यांच्या मधल्या आकड्याशी तुलना, या तिन्ही गोष्टी मिळून एक परिणाम देतात जो त्यातली एकटी कुठलीच देत नाही. धुराच्या यंत्रणेत हवा ओढणं आहे, पण ठरलेल्या पातळीच्या वर धूर गेला की घंटा. दमट ढिगाच्या शेजारच्या जागांशी ताडून बघण्याची गरज तिथे नाही. आणि 3(एफ) च्या 'नुसती मांडणी' या आक्षेपालाही हेच उत्तर आहे.

नव्या कल्पनेच्या रकान्यात शेवटी हे वाक्य गेलं:

'साठवलेल्या कांद्याच्या ढिगातील अनेक ठिकाणची हवा आळीपाळीने एकाच सेन्सरवर आणून, प्रत्येक ठिकाणचा आकडा त्याच फेरीतील इतर ठिकाणांच्या मधल्या आकड्याशी ताडून, सडीची जागा ओळखणारे उपकरण.'

वाक्यात कंपनीचं नाव नाही, मायक्रोकंट्रोलरचा नंबर नाही, आठ हा आकडाही नाही. ते सगळं 'चालतं कसं' मध्ये आहे. 'क्रांतिकारी' आणि 'अद्वितीय' हे शब्दही नाहीत. 'कांदा साठवण्याची पद्धत' असंही म्हटलेलं नाही, कारण शेतीची पद्धत कलम 3(एच) खाली वगळलेली आहे आणि उगाच तो वाद ओढवून घ्यायचा नाही. आपण केलंय ते उपकरण.

याच्याच खाली पर्याय लिहा, म्हणजे कुणी किरकोळ बदल करून निसटू नये. चकतीऐवजी आठ वेगळे व्हॉल्व्ह, कांद्याऐवजी बटाटा किंवा लसूण, मधल्या आकड्याऐवजी सगळ्यात खालच्या तीन आकड्यांची सरासरी. जे खरोखर चालेल असं वाटतं तेवढंच लिहा. यादी फुगवून उपयोग नाही.

जे बिघडलं तेही लिहा

जुलैमध्ये सहा नंबरची नळी दोन दिवस शून्याच्या जवळ दाखवत होती. मुलांनी तो आकडा खोडून टाकला होता. नळी काढून पाहिली तर तिच्या खोलगट भागात पाणी साचलेलं. ढिगातली उबदार, दमट हवा बाहेरच्या गार नळीत येते, तिथे तिचं पाणी होतं आणि नळी तुंबते. त्यांनी नळ्यांना उतार दिला आणि उताराच्या टोकाला पाणी गोळा करणारी छोटी बाटली लावली. ही दुरुस्ती त्यांना 'सांगण्यासारखी' वाटली नव्हती. मला वाटली, कारण असं यंत्र पावसाळ्यात चालवणाऱ्या कुणालाही याच अडचणीतून जावं लागणार. अशा बारीक वैशिष्ट्यावर वेगळा दुय्यम क्लेम, म्हणजे हक्काची वेगळी मागणी, लिहिता येतो आणि मुख्य क्लेम अडचणीत आला तर तो उपयोगी पडतो.

मर्यादाही लिहिल्या: निम्म्याहून जास्त नळ्यांपाशी एकाच वेळी सड लागली तर मधला आकडाच वर जातो आणि यंत्र गप्प बसतं. नळीपासून लांबचा सडका कांदा उशिरा कळतो. चाचणीच्या नोंदी तारीखवार जोडा: कोणत्या नळीने कधी इशारा दिला आणि चाळ उघडल्यावर तिथे काय निघालं. खोटे इशारे वगळू नका.

आता समस्या लिहा

आता समस्या चार ओळींत बसते. ढिगाच्या आत लागलेली सड बाहेरून वेळेवर कळत नाही. ढिगात अनेक सेन्सर ठेवले तर दमटपणा आणि सेन्सरचं सरकणं यांमुळे त्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. त्यामुळे सडीची नेमकी जागा सांगता येत नाही आणि पूर्ण चाळ फोडावी लागते. बस. कृषिप्रधान देश गेला. समस्या आता बरोबर त्या खाचेच्या आकाराची झाली आहे जिथे तुमचा उपाय बसतो.

नावं

शोधकांच्या रकान्यात ज्याने कल्पनेत भर घातली तोच. सांगितल्याप्रमाणे सोल्डरिंग करणारा नाही, जागा देणारा नाही, विभागप्रमुख तर केवळ विभागप्रमुख आहेत म्हणून अजिबात नाही. हा विषय अवघड होतो हे मला माहीत आहे, मीही त्या खोलीत बसलेलो असतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक नावापुढे 'यांनी काय सुचवलं' असा एक रकाना ठेवा. रिकामा राहिला की नाव आपोआप गळतं. आमच्या उदाहरणात मात्र तिसरं नाव वाढलं. चकतीला बाहेरच्या हवेसाठी नववी जागा ठेवा, हे मुलाच्या काकांनी सुचवलं होतं, आणि ते दहावी शिकलेले शेतकरी आहेत. कायदा पदवी विचारत नाही. ते कॉलेजचे कुणी नसल्याने हक्क कुणाचा याचा लेखी करार आधीच करून घ्या.

प्रकल्पाला कुणाचा निधी असेल तर त्याचं पत्र जोडा. शेवटच्या पानावर सगळ्यांच्या सह्या आणि तारीख.

एवढं हातात आलं की एजंट प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज करू शकतो. त्यानंतर कम्प्लीट स्पेसिफिकेशनसाठी, म्हणजे शोधाचं पूर्ण वर्णन द्यायला, बारा महिने मिळतात, म्हणजे आणखी एक पूर्ण पावसाळा चाचणीला मिळतो. प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलं तेवढ्यालाच तो अर्ज दाखल केल्याची आधीची तारीख मिळते, म्हणून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळं त्यात गेलं पाहिजे. दाखल झाल्याचा अर्ज क्रमांक आला की मुलांना सांगायचं, आता टेक-फेस्टला टेबल मांडा. पण दाखवायचं ते अर्जात लिहिलंय तेवढंच. मधल्या काळात काही नवं सुचलं असेल तर त्यावर कापड टाका आणि आधी माझ्याकडे या.